पोहणाऱ्यांच्या केसांचा कडबा का होतो?

मराठवाड्यात पोहायला शिकायची जुनी जागा म्हणजे विहीर. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि कुणीतरी वरून ढकलून द्यायचं, एवढंच ते प्रशिक्षण. आता शहरातली मुलं एप्रिल-मेमध्ये टँकवर बॅच लावतात आणि जूनमध्ये शाळेसाठी वेणी घालायची वेळ आली की घरोघरी एकच तक्रार निघते. केस राठ झालेत, फणी अडकते, शेंडे ज्वारीच्या कडब्यासारखे मोडतात. दोष लगेच क्लोरीनला दिला जातो आणि तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. एकाच बॅचला, एकाच पाण्यात, तेवढाच वेळ पोहलेल्या दोन मुलींपैकी एकीचे केस जरा कोरडे वाटून सावरतात आणि दुसरीच्या केसांत हात घालवत नाही, असं होतं. या फरकाचं कारण बऱ्याचदा टँकवर सापडत नाही, न्हाणीघरात सापडतं.

बीडपासून समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही खारं पाणी इथल्या घराघरांत आहे, कारण बोअरच्या पाण्याला आपण खारंच म्हणतो. म्हणजे नियमित पोहणाऱ्याच्या केसांचा संबंध तीन पाण्यांशी येतो: क्लोरीनचं, समुद्राचं आणि बोअरचं. तिन्ही केसांना राठ करतात, पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे. त्यामुळे ‘पोहून आल्यावर केस धुवा’ हा एकच सल्ला तिन्हींना लागू पडत नाही.

केसाचं कौल आणि त्यावरचं तेल

केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर आत प्रथिनांच्या दोऱ्यांचा जाड गाभा दिसतो आणि बाहेर पातळ खवल्यांचं आवरण. खवले घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. त्यांची मोकळी कड नेहमी शेंड्याकडे असते. म्हणून मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवलं की केस गुळगुळीत लागतो आणि उलटं फिरवलं की खरखरतो. या कौलांवर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. आपण वरून लावतो ते तेल ते नव्हे. केस मुळाशी तयार होतानाच हा थर खवल्यांना रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. त्यामुळे पाणी केसावरून ओघळून जातं आणि दोन केस एकमेकांवरून सहज सरकतात. हा थर एकदा गेला की त्या जागी परत उगवत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो.

‘कोरडे केस’ हा शब्दप्रयोग इथे जरा फसवतो. थर गेलेला केस पाणी कमी धरत नाही, उलट लवकर आणि जास्त पितो. तो राठ लागतो त्याचं कारण तहान नसून घर्षण आहे. उचललेल्या कौलांचे दोन केस शेजारी आले की कडा एकमेकींत अडकतात, गुंता होतो, फणी ओढली जाते आणि ओढताना आणखी कौलं निघतात. बाजारात ‘ओलावा देणारं’ म्हणून जे काही विकलं जातं, ते उपयोगी पडतं तेव्हा बहुतेक वेळा घर्षण कमी केल्यामुळे पडतं.

क्लोरीन नेमकं काय करतं?

ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, तेच काम टँकमध्ये क्लोरीन करतं. ते पाण्यात मिसळलं की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतूंच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं फोडणं हा त्याचा धंदा. केसाचं आवरणही स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांचंच असतं, आणि जंतू कोणता, केस कोणता, हे क्लोरीनला कळत नाही. ते आधी वरचा स्निग्ध थर सोडवतं आणि मग केसातल्या गंधकाच्या जोडांकडे वळतं. प्रथिनांचे दोरे एकमेकांना धरून ठेवणारे हे टाके आहेत. टाका तुटला की त्या जागी ऋण विद्युतभार असलेला अवशेष उरतो. हा ऋणभार लक्षात ठेवावा, बोअरच्या पाण्याशी गाठ पडली की तो पुन्हा भेटणार आहे.

ही गोष्ट केसांवर कळण्याआधी लोकरीवर कळली. घोंगडं गरम पाण्यात चोळून धुतलं की आटतं, कारण लोकरीच्या तंतूंवरही अशीच कौलं असतात आणि ती एकमेकांत अडकून तंतू घट्ट आवळले जातात. जर्मन रसायनतज्ज्ञ आल्वोर्डेन याने 1916 साली लोकरीचा तंतू क्लोरीनच्या पाण्यात बुडवला, तेव्हा प्रत्येक खवल्यावर फोडासारखा फुगा आलेला त्याला दिसला. वरच्या पातळ पडद्याखालची प्रथिनं क्लोरीनने तोडली होती. तुकडे पडद्यातून बाहेर पडण्याइतके लहान नव्हते, त्यांनी पाणी आत ओढलं आणि पडदा फुगला. माणसाच्या केसावरही हाच फुगा येतो. पुढे लोकर उद्योगाने या दोषाचं तंत्र बनवलं: मशीनमध्ये धुता येणारी, न आटणारी लोकर हवी असेल तर तिला क्लोरीन देऊन खवल्यांच्या कडा बोथट करतात. कारखाना पैसे मोजून लोकरीवर जे करून घेतो, ते टँकमध्ये आपल्या डोक्यावर फुकट होतं. अर्थात आल्वोर्डेनचं पाणी टँकच्या पाण्यापेक्षा हजारो पट तीव्र होतं. त्याच्या काचपट्टीवर क्षणात झालं ते टँकमध्ये तासातासाने, थोडंथोडं होतं.

काळ्या केसांना काही होत नाही, असाही एक समज आहे. 2000 साली जपानमधल्या अव्वल जलतरणपटूंच्या केसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळ्या केसांतही रंग उतरलेला आढळला. पाण्याच्या घासण्याने आवरण झिजतं आणि झिजलेल्या जागेतून क्लोरीन आत शिरून काळा रंग फिका करतं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. केस हिरवट होतात त्याला मात्र क्लोरीन जबाबदार नाही. शेवाळ मारायला टँकमध्ये मोरचूद टाकलेलं असेल तर त्यातल्या तांब्याचा तो रंग असतो, आणि तो मुख्यतः फिक्या किंवा ब्लीच केलेल्या केसांवर दिसतो.

तीन पाण्यांचा हिशेब

आता थोडं गणित करू. खांद्यापर्यंत केस असलेली मुलगी टँकमधून बाहेर आली आणि तिने केस पिळले, तरी त्यांत साधारण 100 मिलिलीटर पाणी राहिलं असं धरू. टँकच्या पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर केसांत उरलेलं क्लोरीन भरतं 0.2 मिलिग्रॅम. मिठाच्या काही बारीक दाण्यांएवढंच. 25 मीटर लांब, 12 मीटर रुंद टँकमध्ये सुमारे चार लाख लिटर पाणी असतं, त्यात 800 ग्रॅम क्लोरीन. पोहताना या साठ्यातलं ताजं पाणी तासभर केसांवरून वाहत असतं. केसाने क्लोरीनचा एक कण संपवला की दुसरा हजर. म्हणजे नुकसान होतं ते पाण्यात असतानाच. बाहेर आल्यावर उरलेलं क्लोरीन थोडंच, आणि तेही लवकर संपणारं. घरी जाऊन कितीही मनापासून धुतलं तरी पाण्यात झालेलं परत फिरत नाही.

समुद्राचा हिशेब नेमका उलटा. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत उतरलेल्या मुलीच्या त्याच 100 मिलिलीटर पाण्यात साडेतीन ग्रॅम मीठ असतं, कारण समुद्रात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. हे मीठ केसाचे टाके तोडत नाही. पण पाणी वाळलं की त्याचे खडे केसांवर बसतात, केस एकमेकांना चिकटून काठ्यांसारखे ताठ होतात, आणि त्या अवस्थेत फणी फिरवली की खडे सँडपेपरचं काम करतात. मीठ पाण्यात सहज विरघळतं, म्हणून केस वाळायच्या आत तीन-चार लिटर गोडं पाणी ओतलं की बहुतेक सगळं निघून जातं. टँकसाठी उतरण्याआधीचा तांब्या मोलाचा, समुद्रासाठी बाहेर पडल्यावरचा.

बोअरचं पाणी या दोघांत बसत नाही. बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे आणि त्या खडकातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो तो याच क्षारांचा. 100 मिलिलीटरमध्ये ते मिलिग्रॅमांतच मोजावे लागतात, समुद्राच्या मिठापुढे ते किस झाड की पत्ती. पण कॅल्शियम धन विद्युतभाराचं असतं आणि क्लोरीनने टाके तोडून केसावर ऋणभाराच्या जागा करून ठेवलेल्या असतात. कॅल्शियम तिथे जाऊन चिकटतं. मीठ पाण्याने निघतं, हे पाण्याने निघत नाही, कारण धुवायचं पाणीच कॅल्शियमचं आहे. न पोहणाऱ्या बहिणीच्या केसांवर तेच बोअर कमी बसतं, पोहणारीच्या केसांवर जास्त. सुरुवातीच्या दोन मुलींचं कोडं इथे सुटतं. एकीच्या घरी नळाला बिंदुसरा किंवा माजलगाव धरणाचं पाणी येतं, जे सहसा कमी जड असतं. दुसरीकडे नळाला पाणी नसतं आणि बोअरवर भागवावं लागतं.

टँकमध्ये उतरण्याआधी

कोरडा केस पाण्यात स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी पितो आणि त्याची जाडी साधारण 15 टक्क्यांनी वाढते. म्हणून सांगतात, की आधी साध्या पाण्याने केस चिंब करा, भरलेला स्पंज आणखी पाणी घेत नाही. सल्ला योग्य आहे, उपमा मात्र अर्धवट. स्पंज भरलेला असला तरी आतलं आणि बाहेरचं पाणी एकमेकांत मिसळत राहतं. नुसत्या भिजवण्याने सुरुवातीची काही मिनिटं वाचतात, तास वाचत नाही. तास वाचवायचा तर मध्ये काहीतरी आडवं यायला हवं, आणि ते म्हणजे तेल आणि टोपी.

तेल कोणतं, यावर मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचं 2003 साली प्रसिद्ध झालेलं काम आहे. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांना लावून धुण्यात किती प्रथिनं वाहून जातात ते मोजलं. प्रथिनांची गळती लक्षणीय कमी झाली ती फक्त खोबरेलाने. खोबरेलातली मेदाम्लं आखूड आणि सरळ असतात, म्हणून ती केसाच्या आत शिरतात आणि पाण्याने होणारं फुगणं कमी करतात, असं त्यांचं स्पष्टीकरण. कंपनी खोबरेल विकते, मग तिच्याच माणसांवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एवढंच, की आखूड, सरळ रेणू आत शिरतो आणि वाकडा, लांब रेणू बाहेर राहतो हे कारण ब्रँडवर अवलंबून नाही. कोणतंही शुद्ध खोबरेल चालेल. मराठवाड्याच्या घरात हाताशी असतं ते करडईचं तेल. त्याची घडण सूर्यफुलाच्या तेलाच्या जवळची आहे, त्यामुळे त्याच्याकडून ही अपेक्षा धरू नये. ते भाजीतच बरं.

तेल लावून टँकमध्ये उतरायला व्यवस्थापक हरकत घेतील आणि त्यांचं बरोबर आहे. तेलाचा तवंग फिल्टरवर बसतो आणि क्लोरीन खातो. म्हणून तेल रात्री लावायचं, तेही खांद्यापर्यंतच्या केसांना चहाचा एक चमचा, मुळांना नाही तर मधल्या भागापासून शेंड्यांपर्यंत. सकाळपर्यंत जिरायचं तेवढं जिरतं आणि हाताला ओघळ लागत नाही. टँकवरच्या शॉवरखाली दोन मिनिटं उभं राहून केस भिजवायचे, सैल अंबाडा बांधायचा आणि वर सिलिकॉनची टोपी. टोपीने केस कोरडे राहत नाहीत, म्हणून ती निरुपयोगी असं बरेच जण म्हणतात. पण हिशेब पाहिला तर टोपीचं काम कोरडं ठेवणं नाहीच. टोपीखाली शिरलेलं थोडं पाणी तिथेच अडकतं, त्यातलं क्लोरीन संपतं आणि ताजं पाणी येत नाही. घासणं थांबतं ते वेगळंच. शॉवरचा आणखी एक फायदा सगळ्या टँकला होतो. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो क्लोरीन आणि घाम-लघवीतल्या पदार्थांच्या संयोगातून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. फार वास मारणाऱ्या टँकमध्ये औषध जास्त पडलेलं असतंच असं नाही, अंघोळ न करता उतरणारे जास्त असू शकतात.

बाहेर आल्यावर: एक लिंबू, एक जार

केस वाळायच्या आत दोन-तीन लिटर पाण्याने ते धुवावेत. मग एक लिटर पाण्यात अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते केसांवरून सावकाश ओतावं, मिनिटभर थांबावं आणि पुन्हा साधं पाणी घ्यावं. या अर्ध्या लिंबात दोन कामं होतात. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निष्प्रभ करतं. 0.2 मिलिग्रॅम क्लोरीनला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लागतं, अर्ध्या लिंबात त्याच्या कित्येक पट असतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत केसांना चिकटून राहणारा वासही त्याने जातो. ‘क्लोरीन काढणारे’ महागडे फवारे हेच करतात. दुसरं काम सायट्रिक आम्लाचं: ते कॅल्शियमला धरून केसावरून सोडवतं आणि उचललेली कौलं थोडी बसवतं. रस डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि तो अंगावर ठेवून उन्हात जाऊ नये, कातडीवर काळे डाग पडतात.

पाण्याची टंचाई असलेल्या गावात रोज भरपूर गोडं पाणी कुठून आणायचं, ही अडचण खरी आहे. पण सगळं धुणं गोड्या पाण्याने करायची गरज नाही. धुवायला बोअरचं चालेल, फक्त शेवटचा लिटर गोडा हवा, कारण केसावर वाळतं ते शेवटचंच पाणी. पिण्यासाठी येणाऱ्या जारमधून तेवढं काढता येतं. तेही नसेल तर बोअरचं पाणी उकळून, निवळून, वरचं घ्यावं. कठीणपणाचा काही भाग उकळल्याने तळाला बसतो, सगळा नाही. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र केसांना कधी लावू नये. बचत म्हणून ते बादलीत धरून ठेवलेलं असतं आणि फरशी पुसायला उत्तमही असतं, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात, म्हणजे ते मूळ बोअरपेक्षा जड.

शाम्पू रोज नको, आठवड्याला दोन-तीनदा पुरे. कंडिशनर मात्र रोज, धुणं संपल्यावर आणि त्या शेवटच्या लिटरच्या आधी. बाटलीवरच्या यादीत सेट्रीमोनियम किंवा बेहेनट्रायमोनियम अशी नावं वरच्या बाजूला असतील तर ते कामाचं. हे पदार्थ धनभाराचे असतात, म्हणून क्लोरीनने केलेल्या ऋणभाराच्या जागांवर आपसूक जाऊन बसतात: जिथे नुकसान जास्त तिथे लेप जास्त. यासाठीच आधी लिंबू घ्यायचं, नाहीतर त्या जागा कॅल्शियमने अडवलेल्या असतात. दोन-तीन मिनिटं ठेवून धुवावं, पण बोटांना किंचित बुळबुळीत लागेल एवढं राहू द्यावं. टॉवेलने चोळू नये, दाबून पाणी टिपावं. मोठ्या दातांच्या फणीने शेंड्यांपासून सुरू करून वर यावं.

> आठवड्याचं वेळापत्रक, खांद्यापर्यंतच्या केसांसाठी
> आदल्या रात्री चहाचा चमचाभर खोबरेल. टँकवर दोन मिनिटं शॉवर, अंबाडा, टोपी. बाहेर आल्यावर लगेच धुणं, मग लिटरभर लिंबूपाणी, कंडिशनर आणि शेवटी लिटरभर गोडं पाणी. शाम्पूच्या दिवशी शाम्पू लिंबूपाण्याआधी. समुद्रात पोहल्यावर लिंबापेक्षा भरपूर गोडं पाणी महत्त्वाचं, आणि ते होईपर्यंत फणी लावायची नाही.

थर की तूट?

राठ केस पाहून ते क्षारांच्या थराने राठ आहेत की क्लोरीनच्या तुटीने, हे ठरवता येतं. ग्लासातल्या पाण्यात केस टाकून तो बुडतो का हे बघायची पद्धत मोबाइलवर फिरते, तिच्यात अर्थ नाही. केसाला लागलेलं तेल आणि पाण्याचा ताण यांवरच तिचा निकाल ठरतो. त्यापेक्षा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, हे धरून चालावं. दोन महिन्यांच्या बॅचनंतर मुळाकडचे दोन सेंटिमीटर नवे असतात आणि 30 सेंटिमीटर केसाचा शेंडा अडीच वर्षांचा जुना. मुळाजवळ आणि शेंड्याला बोट फिरवून बघावं. नवा भागही भुकटी लावल्यासारखा राठ लागत असेल तर संशय बोअरवर. लागोपाठ दोन-तीन लिंबूपाण्यांत तो मऊ पडला की संशय खरा. मूळ मऊ आणि शेंडेच राठ असतील, लिंबाने आणि कंडिशनरनेही दुसऱ्या दिवशी फरक उरत नसेल, तर कौलं गेलेली आहेत. त्यावर लेप पुढच्या धुण्यापर्यंतच टिकतो, आणि फुटलेल्या टोकाच्या एक-दोन सेंटिमीटर वर कात्री लावणं हा त्यातला स्वस्त उपाय. केस मुळापासून, टोकाशी पांढरी गाठ घेऊन गळत असतील तर ते यातलं काहीच नाही. क्लोरीन केस तोडतं, उपटत नाही. तेव्हा लिंबू बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं.